42 मार्क, पास व्हायला 50: रिसिटच्या एका पत्राचं प्रकरण

इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात मी पब्लिक हेल्थच्या एमएस्सीला शिकवते. आपल्याकडची मुलं वर्गात बरीच असतात, बीएचएमएस, बीएएमएस, बीडीएस करून आलेली, आणि पहिल्या निबंधात नापास होणाऱ्यांतही दरवर्षी त्यातली काही असतात. हुशारी कमी पडते म्हणून नाही, वेगळ्याच कारणाने, ते पुढे येईलच. हे प्रकरण अशाच एका मुलाचं आहे, आणि त्याला लिहिलेल्या रिसिटच्या, म्हणजे नापास झालेला निबंध पुन्हा लिहून देण्याबद्दलच्या, पत्राचं. त्याची परवानगी घेऊन लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत. इकडे शिकवणाऱ्यांना, इकडे शिकणाऱ्यांना आणि ज्यांची मुलं इकडे आहेत त्यांना उपयोग होईल असं वाटतं.

पार्श्वभूमी

मुलगा मराठवाड्यातला, बीएचएमएस झालेला, दोन वर्षं एका छोट्या हॉस्पिटलात काम करून, शैक्षणिक कर्ज काढून आलेला. आमची एमएस्सी 180 क्रेडिटची, त्यात 20-20 क्रेडिटचे सहा विषय आणि 60 क्रेडिटचा प्रबंध. पास व्हायला प्रत्येक विषयात 50 लागतात. बीएला इथे 40 ला पास असतं, मास्टर्सला नाही, आणि हे बऱ्याच घरी माहीत नसतं.

ज्या विषयात तो अडकला त्यात लेखी परीक्षा नाही, एकच 3000 शब्दांचा निबंध. प्रश्न असा होता: साखरेच्या शीतपेयांवरच्या करामुळे इंग्लंडमधल्या मुलांच्या लठ्ठपणावर किती परिणाम झाला, याचं चिकित्सक मूल्यमापन करा. हा कर एप्रिल 2018 पासून लागू झाला. 100 मिलीमध्ये 5 ते 8 ग्रॅम साखर असेल तर लिटरमागे 18 पेन्स, 8 किंवा जास्त असेल तर 24 पेन्स, असे सुरुवातीचे दर होते.

मे महिन्यात त्याने निबंध दिला, अगदी वेळेत. जूनमध्ये मार्क लागले, 42.

अडचण काय होती

निबंध वाईट नव्हता हे आधी सांगते. इंग्रजी नीट, संदर्भ नीट दिलेले, कॉपीचा प्रश्नच नाही. पण 3000 पैकी पहिले 1200 च्या आसपास शब्द लठ्ठपणा म्हणजे काय यावरच, व्याख्या, बीएमआयचे टप्पे, कारणं, दुष्परिणाम. मग कराचा इतिहास आणि दर. मग एक परिच्छेद "कराचे फायदे", एक "कराचे तोटे", आणि शेवटी सरकारने जनजागृती करावी वगैरे. ज्याने आपल्याकडे मेडिकलचे पेपर दिलेत त्याला हे लगेच ओळखू येईल, हे दहा मार्कांच्या लाँग क्वेश्चनचं उत्तर आहे. व्याख्या, प्रकार, कारणं, लक्षणं, उपचार. साडेपाच वर्षं त्याला याच क्रमाने लिहायला शिकवलं होतं आणि त्याच क्रमाने लिहिल्यावर मार्क मिळत होते. इथे प्रश्न विचारला होता "किती परिणाम झाला", आणि त्याचं उत्तर निबंधात कुठेच नव्हतं.

आमच्या मार्किंगच्या तक्त्यात चार ओळी असतात: विषयाची माहिती, युक्तिवाद, पुराव्याचा वापर, लेखन. पहिल्या आणि चौथ्या ओळीत तो पास होता, मधल्या दोन्हींत नापास.

आता त्याच्यापर्यंत काय पोचलं ते बघा. पोर्टलवर 42, शेजारी रिसिटचा एक कोड, आणि परीक्षा विभागाची ऑटोमॅटिक ईमेल, की तुम्ही या विषयात उत्तीर्ण झालेला नाहीत, रिसिट ऑगस्टमध्ये, नियमावली इथे वाचा. निबंधाच्या खाली शेरा होता "अधिक विश्लेषण हवं". ईमेल चुकीची नव्हती, पण ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे आणि ज्याचा व्हिसा कोर्सला बांधलेला आहे त्याला त्यातून काय समजणार? त्याला समजलं ते एवढंच की आपलं संपलं. वर्गात यायचा बंद झाला, प्रबंधाच्या गाइडच्या ईमेलला उत्तर नाही. गाइडने मला कळवलं, मी त्याची पर्सनल ट्यूटर, म्हणून प्रकरण माझ्याकडे आलं.

पर्याय काय काय होते

पहिला पर्याय, काहीच न करणं. नियमाने कळवायचं ते कळवून झालं होतं. पण मुलगा गप्प झालेला असताना हे मला पटणारं नव्हतं.

दुसरा, मार्कांकडे परत बघणं. त्याच्या मित्राने त्याला हेच सुचवलं होतं, आपल्याकडे रीचेकिंगला टाकतात तसं टाक म्हणून. इथे ते तसं चालत नाही. नापास झालेले सगळे निबंध दुसरा परीक्षक आधीच वाचतो, मग परीक्षा मंडळ मार्क पक्के करतं. प्रक्रियेत चूक झाली असेल तर अपील करता येतं, पण "मला जास्त मार्क हवे होते" यावर अपील नाही, परीक्षकाच्या शैक्षणिक निर्णयाला आव्हान देता येत नाही. शिवाय 42 योग्यच होते. त्या वाटेला त्याला लावलं असतं तर रिसिटचे सहा आठवडे त्यातच गेले असते.

तिसरा, फोन करून मराठीत बोलणं. हा मोह खूप होता. "अरे होतं असं, घाबरू नकोस" म्हटलं असतं तर त्याला बरं वाटलं असतं. पण घाबरलेला माणूस फोनवर हो हो म्हणतो आणि ठेवल्यावर त्याला काही आठवत नाही, तारीख, शब्दमर्यादा, काय बदलायचं, काहीच नाही. दुसरं म्हणजे याच विषयात आणखी चौघं नापास होते, त्यातलं मराठी कोणीच नाही. एकाला त्याच्या भाषेत जास्तीची मदत आणि बाकीच्यांना ऑटोमॅटिक ईमेल, हे बरोबर नव्हतं.

म्हणून ठरवलं ते असं. रिसिटमध्ये काय अपेक्षित आहे त्याचं एक पान सगळ्या पाचही जणांना सारखं. त्याच्याबरोबर प्रत्येकाला स्वतंत्र पत्र, ज्यात फक्त त्याच्या निबंधाबद्दल. पत्र इंग्रजीतच, कारण ते फाइलला लागतं आणि उद्या काही प्रश्न आला तर मंडळाला वाचता आलं पाहिजे. भेट पत्रानंतर, आधी नाही. आणि भेटीत तो ज्या भाषेत बोलेल त्या भाषेत.

पत्र

पत्र लिहिताना सगळ्यात जास्त विचार क्रमाचा केला. गोड सुरुवात करून तिसऱ्या परिच्छेदात नापास सांगायचं, असं केलं की वाचणारा पहिले दोन परिच्छेद वाचतच नाही, तो वाईट बातमी शोधत खाली जातो. म्हणून मार्क पहिल्याच ओळीत. मराठीत सांगायचं तर पत्र साधारण असं होतं:

"तुला या निबंधात 42 मिळाले, पास व्हायला 50 लागतात, म्हणजे या विषयात तू नापास आहेस. कोर्समधून तुला काढलेलं नाही, तुझ्या व्हिसावर याचा आत्ता काही परिणाम नाही, आणि प्रबंधाचं काम तू चालू ठेवू शकतोस, ठेवच.

रिसिट म्हणजे हाच निबंध, हाच प्रश्न, पुन्हा लिहून द्यायचा. ऑगस्टच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत. 3000 शब्द, दहा टक्के इकडेतिकडे चालतील. सोबत एक पान जोडायचं, की पहिल्या निबंधात काय बदललं आणि का. जुन्या निबंधातला मजकूर वापरायला परवानगी आहे. टर्निटिन या कॉपी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये तुझ्याच जुन्या निबंधाशी जुळणी दिसेल, ती आम्ही बाजूला काढतो, तिला घाबरायचं कारण नाही.

रिसिटला कितीही मार्क पडले तरी नोंद 50 चीच होईल. हे वाचून वाईट वाटेल म्हणून हिशोबही देते. हा विषय 180 पैकी 20 क्रेडिटचा आहे. बाकीच्या पाच विषयांत सरासरी 60 आणि प्रबंधात 65 मिळाले तर तुझी एकूण सरासरी साडेसाठच्या आसपास येते, म्हणजे मेरिट ही साठपासूनची श्रेणी अजून हातात आहे.

आता निबंधाबद्दल. लठ्ठपणा आणि कर या दोन्हींची माहिती तुला पक्की आहे, त्या ओळीत तू पास आहेस, त्याचं काही करू नकोस. बदलायच्या गोष्टी दोनच. एक, पहिल्या पानावर प्रश्नाचं उत्तर दे, परिणाम किती झाला असं तुझं मत आहे ते दोन वाक्यांत, आणि पुढचा प्रत्येक परिच्छेद त्या मताला आधार देतोय का तपास. लठ्ठपणाच्या व्याख्येचा भाग 200 शब्दांत बसव. दोन, एखादा अभ्यास सांगितलास की तिथेच थांबू नकोस, त्यातून काय सिद्ध होतं आणि काय होत नाही ते लिही.

मी पूर्ण मसुदा वाचू शकत नाही, तसा नियम आहे. एका पानाची रूपरेषा आणि एक नमुना परिच्छेद मात्र वाचून त्यावर बोलू शकते. मे महिन्यात काही अडचण होती का, आजारपण, घरी काही, ते मला किंवा विद्यार्थी कार्यालयाला सांग. कारण आणि पुरावा मान्य झाला तर 50 ची मर्यादा निघू शकते, मात्र उशिरा अर्ज का करतोयस तेही लिहावं लागतं.

बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी भेटू. दोन्हींपैकी कुठला दिवस चालेल एवढंच उत्तर दे, बाकी काही लिहायची गरज नाही."

काही वाक्यं मुद्दाम ठेवली नाहीत. "फक्त आठ मार्क कमी पडले" हे लिहिलं नाही, कारण ते वाचून माणूस आठ मार्कांची डागडुजी करतो, चार संदर्भ वाढवतो, दोन परिच्छेद जोडतो, आणि निबंधाचा सांगाडा तोच राहतो. तसं केलेले रिसिट पुन्हा चाळिशीतच अडकलेले मी पाहिलेत. "तू नक्की पास होशील" हेही लिहिलं नाही, ते माझ्या हातात नाही. धीर द्यायचा तो ज्या गोष्टी खऱ्या आहेत त्यांतूनच दिला, म्हणजे व्हिसा, मेरिटचा हिशोब, पास असलेली ओळ, बदलायच्या दोनच गोष्टी. सात-आठ चुका दाखवता आल्या असत्या, होत्याही. पण त्या दोन सुधारल्या की निम्म्या आपोआप जातात, आणि आठ चुकांची यादी वाचून कोणी लिहायला बसत नाही.

शेवटची ओळ, उत्तरात फक्त वार लिही, ही त्या पत्रातली सगळ्यात उपयोगी ओळ ठरली असं मला वाटतं. लाज वाटत असलेल्या मुलाला सविस्तर ईमेल लिहायचं अवघड जातं, एक शब्द लिहायला जमतं.

पत्रानंतर

"गुरुवार" एवढंच उत्तर आलं. भेटीला आला तेव्हा पत्राची प्रिंट हातात, आणि एकाच वाक्याखाली पेनाने रेघ, टर्निटिनच्या. म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं जुनं वापरलं तर चोरी धरतील, म्हणून नवीनच विषय शोधत होतो." म्हणजे नापास झाल्याच्या धक्क्याएवढीच एका न सांगितलेल्या नियमाची भीती त्याला अडवत होती. असं दुसऱ्या दोघांचंही निघालं.

मे महिन्यात काय झालं ते मी विचारल्यावर जरा थांबला आणि मग सांगितलं की आजी गेली होती, आणि त्याच पंधरवड्यात तो एका केअर होममध्ये रात्रपाळी करत होता, आठवड्याला 20 तास, व्हिसात बसतील तेवढेच. घरी जाता आलं नाही. कोणाला सांगितलं नाही कारण "सांगून काय होणार" असं वाटलं. आम्ही अर्ज भरला, मृत्यूचा दाखला जोडला. अर्ज नामंजूर झाला. आजी गेल्याबद्दल कोणाला शंका नव्हती, पण मुदतीत का कळवलं नाही याचं समाधानकारक कारण नव्हतं. मला वाईट वाटलं, पण नियम लेखी आहे आणि सगळ्यांना तोच आहे.

दुसरी गोष्ट भेटीतच निघाली. उन्हाळ्यात सुट्टी म्हणून पूर्ण वेळ काम करून कर्जाचा हप्ता काढायचा त्याचा बेत होता. मास्टर्सच्या विद्यार्थ्याला प्रबंधाचा उन्हाळा सुट्टी धरत नाहीत, ती टर्मच असते, 20 तासांची मर्यादा तेव्हाही लागू राहते. हे त्याला माहीत नव्हतं. ते वेळेत कळलं हे बरं झालं, कारण ते मोडलं असतं तर रिसिटपेक्षा फार मोठं प्रकरण झालं असतं.

मग त्याने नमुना परिच्छेद आणला. जुना परिच्छेद असा होता, मराठीत: "सरकारने 2018 मध्ये कर लागू केला. 5 ते 8 ग्रॅमला 18 पेन्स आणि 8 ग्रॅमच्या वर 24 पेन्स. कंपन्यांनी साखर कमी केली. त्यामुळे हा कर खूप परिणामकारक ठरला." मी त्याला एकच विचारलं, साखर कमी झाली म्हणजे मुलं बारीक झाली का? तो म्हणाला, "नाही, ते वेगळं." म्हटलं, मग ते वेगळं लिही.

दुसऱ्या खेपेला जे आणलं त्यात विचार दिसत होता. कर 2016 मध्येच जाहीर केला आणि लागू दोन वर्षांनी केला, कारण ग्राहकाचा खिसा रिकामा करण्यापेक्षा कंपन्यांनी कृती बदलावी हा हेतू होता. त्या हेतूपुरतं यश दिसतं, लोक शीतपेयं साधारण तेवढीच घेत राहिले आणि त्यातली साखर घटली. पण मुलांच्या पोटात साखर बिस्किटं, चॉकलेट, सीरिअल यांतूनही जाते, त्यावर हा कर नाही. प्राथमिक शाळेत पहिल्या आणि शेवटच्या वर्षी मुलांची उंची-वजनं घेतात, त्या आकडेवारीवरच्या एका अभ्यासात दहा-अकरा वर्षांच्या मुलींमध्ये लठ्ठपणा अपेक्षेपेक्षा कमी दिसला, त्याच वयाच्या मुलग्यांमध्ये तसा दिसला नाही, लहानग्यांतही नाही. आणि 2020 नंतरची वजनं कोविडमुळे इतकी बदलली की त्यानंतरचा परिणाम कराचा की लॉकडाउनचा हे वेगळं काढणं अवघड. म्हणून त्याचं मत, परिणाम झाला पण मर्यादित, आणि तो कुठे झाला हे सांगता येतं.

माहिती बरीचशी तीच होती. पहिल्या निबंधातही मुलींचा तो अभ्यास होता, "फायदे"च्या परिच्छेदात एका ओळीत उरकलेला.

निकाल

रिसिटला 58 पडले, नोंद 50 ची झाली. प्रबंध सप्टेंबरमध्ये वेळेवर दिला, त्यात 66. शेवटची सरासरी साठच्या किंचित वर आली आणि मेरिट मिळालं. पाचपैकी चौघं रिसिटला पास झाले. पाचवीने पत्राला उत्तर दिलं नाही, भेटीलाही आली नाही, रिसिटही दिली नाही, ती नंतर कोर्स सोडून परत गेली. तिचं पत्रही याच पद्धतीने लिहिलेलं होतं, त्यामुळे पत्राने सगळं होतं असा निष्कर्ष यातून काढू नये.

पुन्हा करायचं तर

पत्र आणि मार्क एकाच दिवशी पोचायला हवेत. आमच्याकडे मधे दहाएक दिवस गेले, आणि मनातल्या मनात कोर्स सोडून द्यायचं याच मधल्या दिवसांत ठरतं. आता रिसिटचं सामाईक पान मार्क लागायच्या आधी तयार ठेवतो आणि परीक्षा विभागाच्या ईमेललाच जोडतो.

प्रबंध आणि रिसिट एकाच वेळी येतात, त्याचं वेळापत्रक पत्रात नव्हतं. ते मुलाने आणि गाइडने मिळून नंतर ठरवलं, जुलैचे तीन आठवडे रिसिटला आणि प्रबंधाचं फक्त डेटा गोळा करणं. हे पत्रातच सुचवलं असतं तर बरं झालं असतं, पण त्यासाठी गाइडशी आधी बोलावं लागतं, पत्र एक-दोन दिवस उशिरा जातं. माझं मत, तेवढा उशीर चालेल.

पाचव्या मुलीच्या बाबतीत, उत्तर आलं नाही तर पुढे कोणी, किती दिवसांनी, कसं विचारायचं हे ठरलेलं नव्हतं. आता आठवडाभरात उत्तर नसेल तर विद्यार्थी कार्यालय फोन करतं, आणि फोनवर पहिला प्रश्न अभ्यासाचा नसतो, राहण्याखाण्याचा असतो.

आणि सगळ्यात मोठा बदल पत्राच्या आधीचा. चौथ्या आठवड्यात आता सगळ्या वर्गाकडून एकच परिच्छेद लिहून घेतो, मार्क नाहीत, फक्त शेरा. लाँग क्वेश्चनची सवय त्या एका परिच्छेदात लगेच दिसते. परवानगी घेऊन या मुलाचे दोन्ही परिच्छेद, जुना आणि नवा, नाव काढून तिथे शेजारी शेजारी दाखवतो, आणि आपल्याकडून आलेली मुलं जुना परिच्छेद वाचून म्हणतात, यात चूक काय आहे, आम्हीही असंच लिहिलं असतं. मग नवा वाचतात, आणि तासाच्या उरलेल्या वेळात आपापला परिच्छेद खोडून परत लिहायला घेतात.